चेक परत आला: रिटर्न मेमोवरची ती एक ओळ कशी वाचायची

चेक वटला नाही की बँक चेकसोबत एक छोटा कागद हातात ठेवते. त्याला रिटर्न मेमो म्हणतात. बहुतेक जण त्यातलं कारण एकदा वाचतात, चेक देणाऱ्याला फोन लावतात आणि कागद कपाटात टाकतात. पण पुढे काय करता येईल, किती दिवसांत करावं लागेल आणि कशाचा उपयोग होणार नाही, हे बरंचसं त्या कागदावरूनच कळतं. विशेषतः दोन गोष्टींवरून: कारणाची ओळ आणि तारीख.

आधी हा कागद येतो कुठून ते पाहू. पूर्वी चेक प्रत्यक्ष प्रवास करून देणाऱ्याच्या बँकेत जायचा आणि तिथला अधिकारी त्यावर कारण लिहून तो परत पाठवायचा. आता सीटीएस पद्धतीत कागद तुमच्याच बँकेत थांबतो. पुढे जातो तो फक्त चेकचा फोटो आणि तळाच्या पांढऱ्या पट्टीवरचे आकडे. देणाऱ्याची बँक पडद्यावर सही, तारीख, रक्कम आणि खात्यातली शिल्लक पाहते आणि पैसे द्यायचे नसतील तर ठरलेल्या यादीतला एक दोन आकडी कोड परत पाठवते. तुमची बँक त्या कोडवरून मेमो छापते. म्हणजे मेमो तुमच्या बँकेच्या नावाचा असला तरी निर्णय समोरच्या बँकेचा असतो. ‘तुम्ही माझा चेक का परत केला’ म्हणून आपल्या शाखेतल्या काउंटरवर भांडून फारसं काही हाती लागत नाही ते यामुळेच. ४ ऑक्टोबर २०२५ पासून ही तपासणी दिवसभर सतत चालते. सकाळी १० ते दुपारी ४ च्या दरम्यान पुढे गेलेल्या चेकबद्दल समोरच्या बँकेला त्याच संध्याकाळी ७ पर्यंत हो की नाही कळवावं लागतं. त्यामुळे चेक परत आल्याचा मेसेज आता पुष्कळदा भरल्याच्या दिवशीच येतो.

मेमो हातात आला की काउंटर सोडण्याआधी चेकसोबत ताडून पाहा. सहा आकडी चेक नंबर जुळतो का, रक्कम जुळते का, खातेदाराचं नाव किंवा खाते क्रमांक बरोबर आहे का. चेकच्या पट्टीवर चेक नंबरानंतर नऊ आकडे असतात. त्यातले पहिले तीन शहराचे (मुंबईचे ४००, पुण्याचे ४११), पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. मेमोवर देणाऱ्याच्या बँकेचं नाव चुकलं असेल तर ते इथेच लक्षात येतं. यानंतर मेमोवर बँकेचा शिक्का आणि सही आहे का ते पाहा. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे बोलीत एन. आय. ॲक्टच्या, कलम १४६ नुसार बँकेची अधिकृत खूण असलेला मेमो हा चेक न वटल्याचा प्राथमिक पुरावा धरला जातो. बँकेतल्या कुणाला साक्षीला बोलवावं लागत नाही. नुसता संगणकातून छापलेला, शिक्का नसलेला कागद मिळाला असेल तर तिथेच शिक्का मागून घ्या. आणि मूळ चेकही परत घ्या, तो तुमच्याच बँकेत पडलेला असतो.

आता कारणाची ओळ. यादी मोठी आहे, पण ती पाठ करण्याची गरज नाही. कोणतंही कारण वाचताना एकच प्रश्न विचारा: अडचण पैशांची आहे, देणाऱ्याच्या इच्छेची आहे, की कागदाची?

पैशांची अडचण सगळ्यात उघड असते. कोड ०१, ‘फंड्स इन्सफिशियंट’, म्हणजे खात्यात तेवढी शिल्लक नाही. कोड ०२, ‘एक्सीड्स अरेंजमेंट’, म्हणजे खातं ओव्हरड्राफ्ट किंवा कॅश क्रेडिटचं आहे आणि बँकेने मंजूर केलेल्या मर्यादेबाहेर रक्कम जाते आहे. व्यापाऱ्यांच्या चेकवर हे दुसरं कारण पुष्कळदा दिसतं, आणि ‘माझ्या खात्यावर लिमिट आहे, पैसे नाहीत असं नाही’ असा खुलासाही त्याबरोबर येतो. चेक न वटणं हा गुन्हा ठरवणाऱ्या एन. आय. ॲक्टच्या कलम १३८ मध्ये ही दोन्ही कारणं लिहिलेली आहेत, त्यामुळे त्या खुलाशाने काही बदलत नाही. कोड ०४, ‘रेफर टू ड्रॉवर’, हे मात्र मोघम कारण आहे. ड्रॉवर म्हणजे चेक देणारा. बँकेला खातेदाराची अडचण उघड लिहायची नसते तेव्हा हे वापरलं जातं. असा मेमो आला तर आपल्या शाखेला लेखी अर्ज देऊन नेमकं कारण मागावं. मिळेलच असं नाही, पण मागितल्याचा कागद तुमच्याकडे राहतो.

इच्छेच्या गटात ‘पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉवर’ (कोड २०), ‘अकाउंट क्लोज्ड’ (कोड ५०) आणि ‘ड्रॉवर्स सिग्नेचर डिफर्स’ (कोड १२) ही कारणं येतात. इथे एक गैरसमज फार घट्ट बसलेला आहे: मेमोवर ‘पैसे अपुरे’ असं लिहिलेलं नसेल तर फौजदारी तक्रार होत नाही. काही देणारे नेमकं हेच गृहीत धरून पेमेंट थांबवतात किंवा मुद्दाम वेगळी सही करतात. सर्वोच्च न्यायालयाने ही वाट फार पूर्वीच बंद केली. पेमेंट थांबवल्याबद्दल १९९८ मध्ये, खातं बंद केल्याबद्दल १९९९ मध्ये आणि सही न जुळण्याबद्दल २०१२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की अशा कारणांनी परत आलेला चेकही कलम १३८ खाली येऊ शकतो. ‘येऊ शकतो’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. पेमेंट थांबवलं त्या दिवशी खात्यात पुरेसे पैसे होते आणि थांबवायला खरं कारण होतं, उदाहरणार्थ मालच आला नाही, असं देणाऱ्याने दाखवलं तर तो सुटू शकतो. पण ते सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर असतं.

सहीच्या कारणांत आणखी एक बारकावा आहे. ‘सिग्नेचर डिफर्स’ म्हणजे सही आहे, पण बँकेतल्या नमुन्याशी जुळत नाही. ‘नॉट ॲज पर मँडेट’ (कोड १४) म्हणजे सही कदाचित खरीच आहे, पण खात्याच्या नियमानुसार दोन सह्या हव्या होत्या आणि एकच आहे, किंवा सही करणाऱ्याला आता तो अधिकार नाही. संस्था, सोसायटी आणि भागीदारी पेढ्यांच्या चेकवर हे बऱ्याचदा खऱ्या चुकीने होतं. खजिनदाराने सही केली आणि अध्यक्षांची राहिली. अशा वेळी आधी नवीन चेक मागावा. तो नाकारला किंवा टाळाटाळ झाली, की ती चूक नव्हती असं मानायला जागा होते.

जप्तीचा आदेश (कोड २१), न्यायालयाचा आदेश (कोड २२) किंवा खातेदाराचा मृत्यू (कोड २३) ही कारणं वरवर याच गटातली वाटतात, पण तशी नाहीत. तिथे पैसे देणाऱ्याच्या हाताबाहेर गेलेले असतात. खातं सरकारी यंत्रणेने गोठवलं असेल तर १३८ ची तक्रार टिकवणं अवघड असतं. मृत्यू झाला असेल तर वारसांवर फौजदारी खटला चालत नाही, मयताच्या मालमत्तेतून दिवाणी मार्गाने वसुली करावी लागते. असा मेमो आला तर नोटीस लिहायला बसण्याआधी वकिलाला दाखवा.

तिसरा गट कागदाचा. ‘इन्स्ट्रुमेंट आउटडेटेड’ (कोड ३१) म्हणजे चेकवरच्या तारखेला तीन महिने उलटले. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत तीन महिने आहे, आधी ती सहा महिने होती. त्यामुळे जुन्या सवयीने चेक तिजोरीत ठेवणाऱ्यांचं अजूनही नुकसान होतं. ‘पोस्ट डेटेड’ (कोड ३०) म्हणजे तारीख अजून यायची आहे, तुम्ही घाई केलीत. कोड ३४ म्हणजे अक्षरी आणि अंकी रक्कम जुळत नाही. कायद्यात कलम १८ म्हणतं की अशा वेळी अक्षरी रक्कम खरी धरावी, पण क्लिअरिंगमध्ये बँक तो वाद अंगावर घेत नाही, चेक परत करते. खाडाखोडीचंही तसंच. सीटीएसमध्ये तारीख सोडून कुठलीही दुरुस्ती चालत नाही, शेजारी सही केली तरी नाही. या सगळ्यांवर उपाय एकच, नवीन चेक. अशा मेमोवर १३८ ची नोटीस पाठवून वेळ आणि वकिलाची फी घालवू नका. चेक बाद झाला म्हणून येणं बाद होत नाही. ते वसूल करायला दिवाणी दावा असतो आणि त्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते.

याच गटात ‘इमेज नॉट क्लिअर’ (कोड ३९) असतं, म्हणजे फोटो नीट आला नाही. यात तुमची काही चूक नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार असा चेक तुम्हाला पुन्हा न बोलावता बँकेने स्वतःच पुढच्या क्लिअरिंगला, फार तर चोवीस तासांत, पाठवायचा असतो. तुमची चूक नसताना रिटर्न चार्ज लावायचा नसतो. पासबुकात कपात दिसली तर मेमोची प्रत जोडून परत मागा. पन्नास हजारांच्या वरच्या चेकवर पॉझिटिव्ह पेचंही कारण येऊ शकतं. देणाऱ्याने चेकचे तपशील आपल्या बँकेला आधी कळवलेले नसतात किंवा जुळत नाहीत. त्याने ॲपमधून ते भरले की तोच चेक पुन्हा टाकता येतो. मोठ्या रकमेचा चेक घेताना ‘पॉझिटिव्ह पेला टाकलाय का’ हे विचारून घ्यावं.

आता एक उदाहरण तारखांसकट पाहू, कारण खरा घोटाळा कारणापेक्षा दिवस मोजण्यात होतो.

समजा पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदाराने कोलकात्याच्या व्यापाऱ्याला माल दिला. व्यापाऱ्याने ३,४०,००० रुपयांचा चेक दिला, तारीख २ मार्च २०२६. बागायतदाराने तो ९ मार्चला आपल्या पिंपळगावच्या शाखेत भरला. त्याच संध्याकाळी मोबाइलवर मेसेज आला, चेक परत, फंड्स इन्सफिशियंट. द्राक्षतोडणीच्या गडबडीत मेमो आणायला तो १२ तारखेला गेला. मेमोवर तारीख ९ मार्च.

कायदा म्हणतो, चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत देणाऱ्याला लेखी नोटीस द्यायची. माहिती कधी मिळाली, ९ ला की १२ ला? मेमो हातात आला तो दिवस धरावा असं म्हणता येईल, पण ९ तारखेचा मेसेज फोनमध्ये असताना तो वाद कशाला ओढवून घ्यायचा? सगळ्यात आधीची तारीख धरावी. ९ मार्च सोडून मोजलं तर तिसावा दिवस ८ एप्रिल. महिना म्हणून ९ एप्रिल धरला तर एक दिवस उशीर होतो. नोटिशीसाठी कायद्यात ‘तीस दिवस’ आहेत, ‘महिना’ नाही.

बागायतदाराने १३ मार्चला वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली आणि ती १७ मार्चला व्यापाऱ्याला मिळाली. आता व्यापाऱ्याला पैसे द्यायला १५ दिवस. १७ तारीख सोडून मोजलं की पंधरावा दिवस १ एप्रिल. तोपर्यंत पैसे आले तर विषय मिटला. आले नाहीत तर २ एप्रिलला तक्रारीचं कारण जन्माला येतं आणि तिथून एक महिन्यात, म्हणजे २ मे पर्यंत, न्यायालयात तक्रार दाखल झाली पाहिजे. इथे मात्र कायद्यात ‘महिना’च आहे. २ मे शनिवार आहे आणि १ मे ला महाराष्ट्र दिनाची सुट्टी, त्यामुळे व्यवहारात ३० एप्रिल हीच शेवटची तारीख समजावी. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो, पण ती सवलत फक्त तक्रारीच्या उशिराला आहे. नोटिशीचे ३० दिवस चुकले तर त्याला माफी नाही.

चुकलेच तर? चेक अजून तीन महिन्यांच्या आत असेल तर तो पुन्हा भरता येतो. या उदाहरणात मे अखेरपर्यंत. पुन्हा परत आला की नवा मेमो मिळतो आणि त्याच्यापासून नवे ३० दिवस सुरू होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे मान्य केलं आहे. म्हणून व्यापारी ‘पुढच्या सोमवारी टाका, पैसे येताहेत’ म्हणाला तर पुन्हा टाकायला हरकत नाही, फक्त चेकची मुदत संपेपर्यंत सोमवारच मोजत बसू नका. बरेच चेक असेच आश्वासनांवर शिळे होतात.

तक्रारीसाठी बागायतदाराला कोलकात्याला जावं लागत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, चेक ज्याच्या खात्यात भरला त्याची शाखा जिथे आहे तिथल्या न्यायालयात तक्रार चालते. इथे शाखा म्हणजे तुमचं खातं जिथे आहे ती शाखा. नाशिकला कामासाठी गेलात आणि तिथल्या शाखेत चेक टाकलात, तरी हिशेब पिंपळगावचाच राहतो.

नोटिशीत दोन चुका वारंवार होतात. पहिली रकमेची. चेक ३,४०,००० चा असेल तर मागणी तेवढ्याचीच स्पष्ट लिहा. व्याज, नोटिशीचा खर्च, बँकेचा चार्ज मागायचा असेल तर वेगळा दाखवा, सगळं मिसळून एकच मोठा आकडा लिहू नका. चेकच्या रकमेत टायपिंगची चूक झाली तरी नोटीस बाद होऊ शकते.

दुसरी चूक जास्त घातक आहे आणि ती बहुतेक वेळा चांगुलपणातून होते. समजा चेक दिल्यानंतर, तो भरण्याआधी, व्यापाऱ्याने ४०,००० रुपये खात्यात पाठवले. आता येणं ३,००,००० राहिलं, पण चेक मात्र ३,४०,००० चाच आहे. तो तसाच भरला आणि परत आला, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानुसार १३८ चा गुन्हा होत नाही, कारण चेकवरची रक्कम त्या दिवशीचं खरं देणं नव्हती. मिळालेले पैसे चेकवर नोंदवून उरलेल्या रकमेसाठी तो भरावा असं कायदा सांगतो. पण क्लिअरिंगमध्ये तशी नोंद असलेला चेक अडकण्याचीच शक्यता जास्त. त्यामुळे सरळ मार्ग हा की थोडे पैसे घेतले तर जुना चेक परत द्यावा आणि उरलेल्या रकमेचा नवीन घ्यावा.

चेक पेढीच्या किंवा कंपनीच्या खात्यावरचा असेल तर नोटीस सही करणाऱ्या व्यक्तीबरोबरच कंपनीच्या नावानेही पाठवा. पत्ता बरोबर असताना समोरच्याने नोटीस घ्यायला नकार दिला, किंवा पोस्टमनने ‘घरी नाही’ असा शेरा मारून ती परत आणली, तरी नोटीस पोहोचली असं न्यायालय सर्वसाधारणपणे धरतं. परत आलेलं पाकीट फोडू नका. ते तसंच बंद ठेवून पोस्टाच्या ट्रॅकिंगची छापील प्रत त्याला जोडा.

तक्रारीच्या फाइलमध्ये मूळ चेक, शिक्क्याचा मेमो, चेक भरल्याची स्लिप, नोटिशीची प्रत, पोस्टाची पावती आणि पोचपावती लागते. शिवाय देणं खरं होतं हे दाखवणारा कागद: सौदा पावती, बिल, गाडीचा काटा, खात्याचा उतारा. चेकवर सही आपलीच आहे हे देणाऱ्याने मान्य केलं की कलम १३९ नुसार तो देण्यापोटीच दिला होता असं गृहीत धरलं जातं. पण समोरचा वकील ‘हा चेक तर हमी म्हणून कोरा दिला होता’ असं म्हणतो, तेव्हा त्या गृहीतकाला उभं ठेवायला काट्याची पावती लागते. मेमो आणि चेकला भोकं पाडू नका, स्टेपल करू नका, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. आणि आजच दोन्हींच्या पुढच्या-मागच्या बाजूंचे फोटो काढून ठेवा, कारण काही मेमो थर्मल कागदावर छापलेले असतात आणि खटला उभा राहीपर्यंत त्यांची शाई उडून जाते.